न पाहिलेल्या कामाची साक्ष

एका शनिवारी संध्याकाळी, शॉप बंद करायच्या वेळेला, माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा भोसरीतल्या वर्कशॉपवर आला. आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेड पूर्ण झालेला, काखेत प्लास्टिकची फाइल. "काका, एक लेटर द्या ना. दोन वर्षं तुमच्याकडे व्हीएमसी चालवली, एवढंच लिहा. चाकणला जागा आहे, पण ते अनुभव मागतात."

त्याने माझ्याकडे एक दिवसही काम केलेलं नव्हतं. घरची ओढाताण मला माहीत होती, तरी मी नाही म्हटलं. त्याचा चेहरा पडला. म्हणून त्याला समोर बसवलं आणि नाही का म्हणतो ते सांगितलं.

अनुभवाचा दाखला वाचून कोणीतरी निर्णय घेतो. दोन वर्षांचा ऑपरेटर म्हटल्यावर सुपरवायझर त्याला आठवड्याभरात रात्रपाळीला एकट्याला मशीनवर उभा करतो. तिथे टूल बदललं की त्याच्या लांबीचा ऑफसेट मशीनला द्यावा लागतो. तो आकडा चुकला, तर टूल पूर्ण वेगाने खाली येऊन व्हाइसवर आदळतं. कार्बाइडचे तुकडे उडतात आणि स्पिंडलची बेअरिंग जातात. शिकाऊ मुलाला मशीनवर घेतलं असेल, तर पहिला जॉब चालवताना जाणता माणूस शेजारी उभा असतो आणि वेग कमी ठेवतो. माझ्या खोट्या दाखल्याने तोच शेजारचा माणूस काढून घेतला असता. दुखापत झाली असती ती या पोरालाच.

मग मी त्याने सांगितलेल्या तारखा कागदावर मांडल्या. त्याला जुलै 2022 ते जून 2024 असा अनुभव हवा होता. फाइलमधल्या गुणपत्रिकेप्रमाणे तो 2023च्या उन्हाळ्यापर्यंत आयटीआयला होता. म्हणजे पहिलं जवळजवळ वर्षभर तो एकाच वेळी वर्गातही होता आणि माझ्या मशीनवरही. शिवाय माझ्याकडे चोवीस माणसं आहेत. वीस किंवा जास्त कामगार असले की भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो आणि दर महिन्याला नावानिशी भरणा होतो. कामगाराच्या यूएएन क्रमांकावर कुठल्या आस्थापनेत कधी लागला आणि कधी सोडलं, हे दिसतं. पडताळणी करणारा माणूस पहिल्यांदा तेच मागतो. माझ्या दाखल्यावर दोन वर्षं आणि यूएएनवर काहीच नाही, हे पाहायला त्याला पाच मिनिटं लागतात.

मी नाही म्हटल्यावर पोरं कधीकधी पैसे देऊन दुसरीकडून पत्र आणतात, म्हणून तेही बोललो. अशी पत्रं लेटरहेडवरच फुटतात. प्रत्येक नोंदणीकृत कंपनीच्या 21 अक्षर-अंकांच्या सीआयएन क्रमांकात नोंदणीचं वर्ष लिहिलेलं असतं. कंपनी 2019ची आणि अनुभव 2017पासूनचा असेल, तर आधी भागीदारी होती का, असा प्रश्न येतो आणि त्याला कागदाचं उत्तर लागतं. जीएसटी 1 जुलै 2017ला सुरू झाला. त्याआधीची तारीख घातलेल्या पत्रावर जीएसटी क्रमांक छापलेला असेल, तर ते पत्र मागाहून केलेलं आहे हे उघड होतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्याच्या नावाचं पत्र फसवणुकीसाठी बनवलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बनावट आहे हे माहीत असून ते खरं म्हणून वापरणं कलम 340 खाली येतं. लेटरहेड माझं आणि सही माझीच असली, तरी मजकूर खोटा आहे हे जाणून दिला म्हणजे फसवणुकीला हात लावल्याचा आरोप माझ्यावर येऊ शकतो. आणि नोकरी लागल्यावर चार वर्षांनी जरी हे बाहेर आलं, तरी कंपनी काढून टाकू शकते. मग त्या चार वर्षांचा खरा अनुभवही सांगायची चोरी होते.

एवढं झाल्यावर मी त्याला विचारलं, "आयटीआयनंतर इतके दिवस काय केलंस ते सांग."

तो म्हणाला, "काही नाही. गावाकडे एका लेथवाल्याकडे जात होतो."

हे 'काही नाही' म्हणजे आठ महिने निघाले. ट्रॅक्टरचे शाफ्ट, बुश, पंपाचे स्पिंडल असं दुरुस्तीचं काम. पगाराची पावती नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, कारण तिथे माणसं तीनच. पण दर शनिवारी मालक फोनवरून पैसे पाठवायचे. बँकेच्या पासबुकात त्या सगळ्या नोंदी सलग होत्या. यूएएन नसणं म्हणजे काम केलंच नाही असं नव्हे. लहान आस्थापनेत दुसरा पुरावा शोधावा लागतो, आणि तो त्याच्या खिशातच होता.

इथे दोन कागदांतला फरक कळायला हवा. अनुभवाचा दाखला आस्थापना देते, आणि त्यात नोंदीतलं तेवढंच असतं: नाव, हुद्दा, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, सही करणाऱ्याचं पद. शिफारसपत्र माणूस देतो. ज्याने काम डोळ्यांनी पाहिलं आणि ज्याच्या हाताखाली ते झालं, तोच ते लिहू शकतो. माझी त्याच्या वडिलांशी वीस वर्षांची ओळख आहे, पण त्याचा हात मशीनवर मी पाहिलेला नाही. त्यामुळे फार तर मुलगा घरचा चांगला आहे असं मी लिहू शकतो, आणि चाकणच्या मॅनेजरला त्याचा उपयोग नाही.

मी लेथवाल्या मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "साहेब, मला असलं लिहिता येत नाही." मी म्हटलं, तुम्ही फक्त सांगा, तो लिहून घेईल, तुम्ही वाचून पटलं तर सही करा. दुसऱ्या आठवड्यात तो ते पत्र घेऊन दाखवायला आला:

"सदर मुलगा ऑगस्ट 2023 ते मार्च 2024 माझ्या वर्कशॉपमध्ये मदतनीस होता. मी स्वतः त्याचे काम रोज पाहत होतो. साध्या लेथवर टर्निंग, फेसिंग व बोअरिंग एकटा करतो. थ्रेडिंग माझ्या देखरेखीखाली केले. मायक्रोमीटर व व्हर्नियर नीट वाचतो. सुरुवातीला दोन बुश जादा कापले गेले, त्यानंतर माप घेतल्याशिवाय शेवटचा कट घेत नाही. सीएनसी किंवा व्हीएमसीवर त्याने माझ्याकडे काम केलेले नाही."

खाली वर्कशॉपचा शिक्का, उद्यम नोंदणीचा क्रमांक, सहीखाली पूर्ण नाव, तारीख आणि मालकांचा चालू फोन नंबर होता.

शेवटच्या ओळीवर पोराने बोट ठेवलं. "काका, ही काढू का? यानेच घोटाळा होईल."

मी ती राहू दे म्हटलं. काय येत नाही हे जो मालक लिहितो, त्याने काय येतं म्हणून लिहिलंय त्यावर वाचणारा विश्वास ठेवतो. बुश बिघडल्याचं वाक्यही म्हणूनच मोलाचं. 'मेहनती, प्रामाणिक, होतकरू' हे शब्द कोणालाही लावता येतात. शेवटच्या कटाआधी माप घेण्याची सवय त्या आठ महिन्यांत लागलेली होती, आणि ती पाहिलेल्या माणसालाच लिहिता येते.

चाकणच्या त्या जागेला दोन वर्षांचा अनुभव हवा होता, ती मिळाली नाही. त्याच कंपनीने त्याला शिकाऊ ऑपरेटर म्हणून, कमी पगारावर बोलावलं. रुजू होण्याआधी त्यांच्या ऑफिसातून लेथवाल्या मालकांना फोन गेला. किती महिने होता, काय काम करायचा, का सोडलं, असे तीन प्रश्न. मालकांनी नंतर मला सांगितलं, "हातात शाफ्ट होता, मशीनही बंद केलं नाही. पत्र बघायची गरजच पडली नाही. जे झालं तेच सांगायचं होतं."