गाळलेल्या रावीचा माग

मक्केत सुफियान इब्न उयैना शिष्यांना हदीस सांगत होते. ‘जुहरी म्हणाले’, अशी त्यांनी सुरुवात केली. कुणीतरी विचारलं, ‘हे तुम्ही स्वतः त्यांच्याकडून ऐकलंत?’ पुन्हा विचारणा झाल्यावर त्यांनी सांगितलं, नाही. त्यांना ते अब्दुर्रज्जाकांनी सांगितलं होतं, अब्दुर्रज्जाकांना मअमर यांनी, आणि मअमर यांनी ते जुहरींकडून ऐकलं होतं. मधले दोन रावी सुफियाननी गाळले होते.

याला तदलीस म्हणतात. यात कुणी सरळ खोटं बोलत नाही. जुहरी खरोखरच सुफियानचे गुरू होते, त्यामुळे ऐकणारा गृहीत धरतो की हीही हदीस थेट त्यांच्याकडूनच आली. ‘मी ऐकलं’, ‘आम्हाला सांगितलं’ असे शब्द वापरले असते तर ते खोटं ठरलं असतं. ‘अमुक म्हणाले’ किंवा ‘अमुककडून’, म्हणजे अरबीतला ‘अन’, एवढंच म्हटलं की पळवाट राहते. म्हणून बसऱ्याचे शुअबा आपले गुरू कतादा यांच्या तोंडाकडे लक्ष ठेवून बसत. कतादा ‘आम्हाला सांगितलं’ म्हणाले तरच ते लिहून घेत.

इजिप्तच्या लैस इब्न सअद यांनी तर कागदावरच निवाडा करून घेतला. मक्केतल्या अबू जुबैर यांनी त्यांना जाबिर या सहाबींच्या हदीसांची दोन पुस्तकं दिली. ती घेऊन निघालेले लैस परत फिरले आणि त्यांनी विचारलं, ‘हे सगळं तुम्ही जाबिरकडून ऐकलंय का?’ काही ऐकलेलं होतं, काही दुसऱ्यांमार्फत आलेलं. ‘मग ऐकलेल्यावर खूण करून द्या,’ लैस म्हणाले, आणि त्यांनी तेवढंच घेतलं. त्यामुळे अबू जुबैर ‘जाबिरकडून’ एवढंच म्हणत असले, तरी ती हदीस लैस यांच्यामार्फत आली असेल तर समीक्षक ती निःशंक स्वीकारतात. इतरांमार्फत आलेल्या अशाच सनदींबाबत मात्र अनेकजण ऐकल्याचा पुरावा मागतात.

गुरूचं नाव न गाळता त्याला अनोळखी टोपणनावानं पुढे करणं, हाही तदलीसचाच एक प्रकार. पण सगळ्यात घातक प्रकार ‘तस्विया’चा, कारण त्यात सनदीच्या वरच्या भागातला दुबळा रावी काढून टाकला जातो. सीरियाचे वलीद इब्न मुस्लिम हे औजाईंच्या सनदींबाबत असं करत. ‘औजाई, नाफिअकडून’ असं ते सांगत. इतर शिष्य मात्र या दोघांमध्ये अब्दुल्लाह इब्न आमिर या दुबळ्या रावीचं नाव घेत. अनेक शिष्यांच्या सनदी शेजारी शेजारी ठेवल्या की असं गाळलेलं नाव उघडं पडतं. हैसम इब्न खारिजा यांनी तोंडावर जाब विचारला, तेव्हा अशा माणसांकडून हदीस घेणं औजाईंना शोभत नाही, असं समर्थन वलीदनी केलं. गुरूची शान राखण्याच्या नादात सनदीतला दोषच त्यांनी झाकून टाकला होता. म्हणूनच वलीद यांच्या सनदीत स्वतःच्या गुरूकडून ऐकल्याचा त्यांचा शब्द पुरत नाही. औजाईंनीही आपल्या गुरूकडून ऐकल्याचं स्पष्ट दिसावं लागतं.