राणीनंतर कोण? : एका प्रबंधामागचा प्रश्न

पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना नातेवाईक हमखास विचारतात, ‘तुझा विषय काय?’ उत्तरात विषयाचे नाव मिळते, पण नावावरून काही कळत नाही. ‘गांधीलमाश्यांचे सामाजिक वर्तन’ हे ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे काय येणार? त्याऐवजी ‘तुझा प्रश्न काय?’ असे विचारले तर गोष्ट वेगळी होते. अनिंदिता भद्रा या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होत्या, तेव्हा त्यांच्यापुढे एक प्रश्न होता. तो घरातल्या कोणालाही कळेल असा आहे : राणी गेल्यावर गादीवर कोण बसणार, हे गांधीलमाश्यांना आधीच ठाऊक असते का?

या माशीचे शास्त्रीय नाव रोपॅलिडिया मार्जिनाटा. दक्षिण भारतात ती सर्रास आढळते. लाकडाचा भुसा चावून केलेल्या लगद्यापासून ती कागदासारखे घरटे बांधते आणि ते खिडकीच्या चौकटीला किंवा वळचणीला उघडेच टांगते. मधमाशीची राणी कामकऱ्यांहून शरीरानेच वेगळी असते. इथे तसे नाही. राणी आणि कामकरी माद्या दिसायला सारख्याच असतात, आणि बहुतेक कामकरी माद्यांना संधी मिळाली तर अंडी घालता येतात. तरीही एका वेळी अंडी घालते ती एकटी राणीच. बाकीच्या अन्न आणतात, घरटे वाढवतात, दुसरीची पिल्ले सांभाळतात. म्हणजे इथली प्रत्येक कामकरी ही राणी होऊ शकणारी, पण न झालेली मादी असते. गादी कोणाकडे जाते या प्रश्नाला धार येते ती यामुळे. जिला गादी मिळते तिला स्वतःची संतती मिळते.

इतर गांधीलमाश्यांत या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सोपे आहे. पोलिस्टिस या माश्यांत दादागिरीची उतरंड असते, हे इटलीतील लिओ पार्दी यांनी 1940च्या दशकात दाखवून दिले. सर्वांत वरची ती राणी, आणि ती गेली की साधारणतः दुसऱ्या क्रमांकाची तिची जागा घेते. कोण कोणाला चावते, कोण कोणापुढे दबते, याची नोंद ठेवली की वारस ओळखता येतो.

रोपॅलिडियात ही युक्ती चालत नाही. इथली राणी शांत, जवळजवळ सुस्त असते. दादागिरीत ती पहिली नसतेच. मात्र तिला घरट्यावरून उचलले की काही मिनिटांत एक कामकरी एकाएकी आक्रमक होते. इतरांना ती टोचते, चावते, त्यांच्या मागे धावते. राणी परत आणून ठेवली की तिचा आवेश ओसरतो आणि ती पुन्हा साधी कामकरी होते. राणी परत आणली नाही, तर ही माशी आठवडाभरात अंडी घालू लागते आणि पुढे तीही शांत होते. अशा माशीला संशोधक ‘भावी राणी’ म्हणतात.

अडचण अशी की राणी असताना ही भावी राणी ओळखू येत नाही. प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे बारीक ठिपके देऊन तिची वेगळी नोंद ठेवता येते. तशा नोंदी तासन्‌तास ठेवूनही दादागिरीतला क्रमांक किंवा शरीराचा आकार यांवरून वारस सांगता येत नाही. मग दोनच शक्यता उरतात. एक, वारस ठरलेलाच नसतो आणि राणी गेल्यावर जी आधी उसळते ती जिंकते. दुसरी, वारस ठरलेला असतो आणि माश्यांना तो ठाऊक असतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

या दोन शक्यता वेगळ्या कशा करायच्या? माशीला विचारता येत नाही. म्हणून प्रश्नाचे रूपांतर अशा मांडणीत करावे लागते की दोन शक्यतांत दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतील. भद्रा आणि गदगकर यांनी घरटे मधोमध कापले आणि दोन भागांमध्ये तारेची जाळी लावली. माश्या चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना वाटून दिल्या. समजा, राणी डावीकडे आहे. उजवीकडे राणी नाही, म्हणून तिथे एक माशी आक्रमक होते. तिला पहिली भावी राणी म्हणू. इथे एक शंका रास्त आहे : ही आक्रमकता घरटे कापल्यामुळे तर नसेल? पण घरटे डावीकडचेही कापलेलेच आहे आणि राणी असलेल्या बाजूला भावी राणी उभी राहत नाही. म्हणजे कारण कापणे नव्हे, राणीचा अभाव हे आहे.

आता खरी चाल. राणी आणि पहिली भावी राणी यांची अदलाबदल करायची. खरा वारस असेलच, तर वाटणीत तो उजवीकडे जाण्याची शक्यता निम्मी. तो उजवीकडे असेल, तर पहिली भावी राणी हाच तो वारस. मग डावीकडच्या माश्यांनीही तिला निमूट स्वीकारले पाहिजे. पण खरा वारस डावीकडे असेल, तर राणी तिथून हलताच तो उठेल, आणि उजवीकडून आलेली पहिली भावी राणी मागे सरेल. या दुसऱ्या भावी राणीची पुन्हा राणीशी अदलाबदल केली, तर तिला उजवीकडच्यांनीही आव्हान देता कामा नये. थोडक्यात, वारस ठरलेला असेल तर कधी पहिलीवर थांबावे लागेल, कधी दुसरीवर, पण तिसरी कधीच निघणार नाही. आणि वारस ठरलेला नसेल, तर दर बदलीला नवे भांडण जुंपायला हवे.

झाले ते पहिल्या शक्यतेविरुद्ध. काही वसाहतींत पहिलीच टिकली, काहींत दुसरी पुढे आली आणि टिकली. तिसरी कुठेही निघाली नाही, आणि टिकलेल्या वारसाला नव्या बाजूला कोणी आव्हान दिले नाही. हा निबंध 2008 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2012मध्ये आलोक बंग आणि गदगकर यांनी राणीमागून एकेक भावी राणी काढत जाऊन दाखवले की एका वारसामागे दुसरा, त्यामागे तिसरा अशी रांगच असते आणि ती उघड भांडणाशिवाय पुढे सरकते. रांगेत वयाने मोठी माशी पुढे असण्याकडे कल असतो, पण तो नियम इतका पक्का नाही की केवळ वय पाहून आपण वारस सांगावा.

या निष्कर्षाची मर्यादाही नीट पाहायला हवी. 2008च्या निबंधाच्या शीर्षकात माश्यांना ‘ठाऊक आहे’ असे म्हटले आहे, पण तो शब्द अवतरणचिन्हांत ठेवला आहे. प्रयोगाने सिद्ध झाले ते वर्तन : माश्या अशा वागतात की जणू वारस ठरलेला आहे. माशीच्या मनात ‘हिच्यानंतर ती’ असा विचार असतो, असे यातून निघत नाही. कदाचित प्रत्येक माशीला एखाद्या गंधावरून आपले आणि समोरचीचे स्थान कळत असेल. गंधाकडे बोट दाखवणारा पुरावा राणीच्या बाबतीत आहे. तिच्या पोटाच्या टोकाशी ड्यूफोर ग्रंथी असते. ती ग्रंथी काढून, तिचा अर्क करून तो राणी नसलेल्या बाजूला लावला, तर भावी राणीची आक्रमकता कमी होते. जाळीतून हवा जात असूनही पलीकडे राणीचा प्रभाव पोचत नाही. म्हणून हा संदेश हवेत पसरणारा नसून राणी तो घरट्यावर पोट घासून ठेवत असावी, असे मानले जाते.

पण राणीचा गंध सांगतो तो एवढाच : राणी आहे. पुढची कोण, हे माश्या कशावरून ओळखतात, हा त्यामागचा प्रश्न. राणीनंतर कोण, या दोन शब्दांच्या प्रश्नाला घरटे कापण्यापर्यंत नेले तेव्हा कुठे त्याच्या एका भागाचे उत्तर हाती आले : वारस असतो.