एका ओळीच्या कामाला द्यायचं उत्तर

‘आमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन करून पाहिजे. छान करा. किती घ्याल?’

घरून काम करणाऱ्या डिझायनरला असा ईमेल नवा नाही. पाठवणाऱ्या ताईंच्या डोळ्यांसमोर पाकीट तयार असतं, अगदी रंगापासून दुकानातल्या फळीपर्यंत. त्या काही लपवत नसतात. समोरच्याला काय काय लागतं हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

अशा वेळी काही जण अंदाजानेच कामाला लागतात. चित्र मोबाईलवर झकास दिसतं, ताईंनाही आवडतं आणि मग छापखान्यात घोडं अडतं. दुसरे काही जण उलट टोक गाठतात आणि पंचवीस प्रश्नांचा फॉर्म पाठवून देतात. तो भरायला ताईंना वेळ नसतो. आठवडा जातो आणि काम दुसऱ्या कुणाकडे जातं. म्हणून उत्तर लिहिण्याआधी प्रत्येक प्रश्न एकदा तपासून घ्यावा: याचं उत्तर बदललं तर काम किंवा पैसे बदलणार आहेत का? बदलणार नसतील, तर तो प्रश्न आज विचारायचं कारण नाही.

मसाल्याच्या पाकिटाबाबत या कसोटीवर सगळ्यात आधी उतरतो तो छपाईचा प्रश्न. तयार पाऊच आणून त्यावर स्टिकर चिकटवायचा, की पाऊचवरच थेट छपाई करायची? पाच-सहाशे पाकिटांसाठी स्टिकर डिजिटल मशीनवर सहज निघतात आणि तिथे रंग कितीही वापरले तरी फारसं बिघडत नाही. पाऊचची मोठी छपाई मात्र बहुधा ग्रॅव्युअर पद्धतीने होते. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा कोरीव सिलिंडर लागतो आणि त्याचे पैसे आधीच मोजावे लागतात. मिरचीचा लाल, लसणाचा पांढरा, वर सोनेरी किनार असं करत करत आठ रंगांचं डिझाइन झालं, तर पहिल्याच छपाईत ताईंचं भांडवल अडकून पडतं. पाऊच पारदर्शक असेल, तर रंगांच्या मागे पांढऱ्या शाईचा थर लागतो. तो नसला की लाल रंग आतल्या मसाल्यात मिसळून मळकट दिसतो. म्हणजे ‘छान करा’चा अर्थच छपाईवर ठरतो.

दुसरा प्रश्न मजकुराचा आणि खरा वेळ खातो तो हाच. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर काय असावं, हे अन्नसुरक्षेच्या आणि वजनमापाच्या नियमांनी ठरलेलं आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका लागतो. त्याखेरीज एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, बॅच, तारीख, सर्व करांसहित किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क. अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट म्हणजे ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. मराठी जोडीला जरूर द्यावी, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. हे शेवटी कळलं, तर भरलेल्या पाकिटाच्या मागच्या बाजूला दुसऱ्या भाषेसाठी जागा काढावी लागते आणि सगळी मांडणी उसवते.

हे सगळं ताईंना समजावत बसायची गरज नाही. ईमेलमध्ये त्याचा उपयोग फक्त नेमके प्रश्न विचारण्यापुरता. सांगलीतल्या एखाद्या डिझायनरचं उत्तर साधारण असं असू शकेल:

‘नमस्कार ताई,

तुमच्या मसाल्याचं काम करायला मला नक्की आवडेल. खर्चाचा नीट अंदाज देण्यासाठी चार गोष्टी हव्या आहेत. उत्तरं एका ओळीत दिलीत तरी चालेल.

१. तयार पाऊचवर स्टिकर लावायचा आहे की पाऊचच छापून घ्यायचा? छापखाना ठरला असेल तर त्यांचा फोन नंबर द्या, मापं मी विचारून घेईन.
२. पाकीट किती ग्रॅमचं? एकच माप की दोन-तीन?
३. घटक जास्तीकडून कमीकडे अशा क्रमाने टाइप करून पाठवाल का? हिंग घालत असाल तर तो कोणता, तेही कळवा. एफएसएसएआयचा क्रमांकही लागेल.
४. पाकिटं हातात कधी हवीत?

लोगो असेल तर मूळ फाइल पाठवा. नसेल तर नाव मी सुंदर अक्षरांत लिहून देईन. मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत धरते आहे. तारीख आणि किमतीच्या शिक्क्यासाठी मागे कोरी जागा सोडेन.

स्टिकरचं एक डिझाइन ४,००० रुपये, छापील पाऊचचं ९,००० रुपये. दोन्हींत दोन वेळा दुरुस्ती धरली आहे. गुरुवारपर्यंत कळवलंत तर सोमवारी पहिला नमुना पाठवते.’

यात ‘तुम्ही माहिती दिली नाहीत’ असं कुठेही म्हटलेलं नाही. ‘खर्चाचा नीट अंदाज देण्यासाठी’ हे कारण मात्र दिलं आहे आणि ते ताईंच्याच ‘किती घ्याल?’चं उत्तर आहे. जे बहुतेक तसंच असणार, ते विचारलेलं नाही. ‘धरते आहे’ म्हणून सांगितलं आहे. ताईंना ते पटलं नाही तर त्या हरकत घेतील, पटलं तर लिहायचे कष्ट वाचतील. आकडे दोन दिल्यामुळे पैशांचं बोलणं उत्तरासाठी अडून राहत नाही.

हिंगाचा प्रश्न वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. बाजारातल्या खड्या-पुडीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो आणि ग्लूटेन असलेल्या धान्यांचा उल्लेख ॲलर्जीच्या सूचनेत करावा लागतो. घरी मसाला करणाऱ्या बाईला हे सहसा सुचत नाही. असा एक नेमका प्रश्न विचारला की समोरच्या माणसाला आपलं काम कळतं, हा भरवसा ताईंना आपोआप वाटतो.

‘टाइप करून पाठवा’ यालाही कारण आहे. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो आला की ‘धणे’चं ‘घणे’ होतं आणि चूक हजार पाकिटांवर छापली जाते. लोगोचंही तसंच. व्हॉट्सॲपवरून चित्र म्हणून आलेला लोगो आकाराने लहान होऊन येतो आणि छपाईत कडा फाटतात. आपल्याकडे छापखान्यांत कोरलड्रॉ अजून जोरात चालतं. त्यामुळे ‘मूळ फाइल’ म्हणजे काय हे ताईंना कळलं नाही, तर ‘ज्यांनी लोगो केला त्यांच्याकडून सीडीआर फाइल मागून घ्या’ एवढं सांगितलं की काम होतं.

बरेचदा उत्तर ईमेलने येतच नाही. ताई थेट फोन करतात आणि दहा मिनिटांत सगळं सांगून टाकतात. ते उत्तमच, पण त्याच दिवशी दोन-तीन ओळी लिहून पाठवाव्यात: ‘फोनवर ठरल्याप्रमाणे २०० ग्रॅमचं एकच पाकीट, स्टिकर, ४,००० रुपये, निम्मे आधी. काही राहिलं असेल तर सांगा.’ गुरुवार उलटूनही काहीच आलं नाही, तर चारही प्रश्न पुन्हा पाठवू नयेत. पहिला तेवढा विचारावा, स्टिकर की पाऊच. त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं आणि ते आलं की बाकीचं बोलणं सुरू होतं.