भाजक सोळा की वीस?

समजा, एका गावात 2000 घरं आहेत. त्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून 100 घरं निवडली. सर्वेक्षण सगळ्या गावाचं, पण दूध संघाला हवं आहे दुभतं जनावर असलेल्या घरांचं रोजचं सरासरी दूध. अशी घरं गावात 400, म्हणजे पाचात एक. शंभरात ती वीस यायला हवीत.

आली सोळाच. यात कुणाची चूक नाही. चिठ्ठी टाकताना कुणाच्या गोठ्यात काय आहे हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे हा आकडा चिठ्ठ्यांवरच ठरणार. तो कधी बारा, कधी अठ्ठावीसही निघू शकतो.

सोळा घरांचं दूध मिळून 96 लिटर भरलं. आता भागायचं कशाने? यादीप्रमाणे वीस अपेक्षित, म्हणून वीसने भागलं तर सरासरी 4.8 लिटर येते. पण हे 96 लिटर सोळाच घरांनी दिलं, जी चार घरं नमुन्यात आलीच नाहीत त्यांनी नव्हे. सोळाने भागल्यावर येतात सहा लिटर, आणि तेच बरोबर. कारण सोळा हा आकडा एकदा ठरला, की ती सोळा घरं म्हणजे 400 घरांतून चिठ्ठीनेच काढलेला छोटा नमुना होतो.

गावाच्या एकूण दुधाचा अंदाज काढताना हा फरक चांगलाच बोचतो. शंभरातल्या 96 लिटरला सरळ वीसने गुणून 2000 घरांवर नेलं, तर 1920 लिटर. जनावरांची घरं 400 आहेत हे पक्कं माहीत असेल, तर 400 गुणिले सहा, म्हणजे 2400 लिटर. पहिल्या हिशेबात सोळाचा योगायोगही आत शिरतो, म्हणून तो जास्त हेलकावे खातो.

सरासरी किती भरवशाची, हेही हाती लागलेल्या घरांवरच ठरतं. घराघरातल्या दुधाचा फरक, म्हणजे प्रमाण विचलन, तीन लिटर धरलं तर सोळा घरांवर सरासरीची प्रमाण त्रुटी साधारण पाऊण लिटर येते. पंचवीस घरं आली असती तर ती 0.6 लिटर झाली असती.

खरी फसगत होते ती आधी काही गावं आणि मग त्यांतली घरं निवडली असतील तेव्हा. विश्लेषक बिगर-जनावरांची घरं संगणकातून पुसून टाकतो आणि मगच त्रुटी काढतो. ज्या गावात नमुन्यातल्या एकाही घरी जनावर नाही, ते गाव मग हिशेबातून गायब होतं आणि त्रुटी बहुतेकदा आहे त्याहून कमी दिसते. म्हणून ती घरं पुसायची नसतात. ती ठेवून ‘उपगटात नाही’ अशी खूण करायची असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019-21 मध्ये झाली. तिच्यात 6,36,699 घरं होती, तरी बारीक उपगटांत माणसं कमी पडतातच. तिथे 25 ते 49 जणांवर आधारलेला आकडा कंसात छापतात, आणि 25 पेक्षा कमी असतील तर आकड्याच्या जागी नुसती चांदणी. त्या नियमाने सोळा घरांचे आपले सहा लिटर छापलेच गेले नसते.