मुलाचा कान दुखतोय, मग डॉक्टरांनी अँटिबायोटिक का दिलं नाही?

तीन वर्षांच्या मुलाला सर्दी झाली आणि रात्री उजवा कान ठणकू लागला. ताप 100.5 फॅरनहाइट. सकाळी डॉक्टरांनी कान तपासला. पडदा लाल, थोडा फुगलेला, पण पू नाही. डावा कान ठीक. औषधानंतर मूल खेळत होतं. डॉक्टरांनी वजनानुसार पॅरासिटामॉल दिलं. दुखणं वाढलं किंवा दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही, तर परत यायला सांगितलं. अँटिबायोटिक नाही.

हा हलगर्जीपणा नव्हे. मधल्या कानाचा असा संसर्ग बहुतेक मुलांत आपोआप बरा होतो. पहिल्या 24 तासांत अँटिबायोटिकने दुखणं फारसं कमी होत नाही, जुलाब किंवा पुरळ मात्र होऊ शकतात.

हेच बाळ सहा महिन्यांहून लहान असतं, तर डॉक्टर थांबले नसते. दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान बिघडले, कानातून पू आला, ताप 102.2 किंवा जास्त असला, दुखणं तीव्र असलं, तरीही सहसा अँटिबायोटिक लागतं. कानामागे सूज येऊन कान पुढे आलेला दिसला, तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठावं.

आणि आजीचं कोमट तेल? पडदा फाटलेला असेल तर ते थेट आत जातं. नकोच.