दिवा लागतो, पण बास कुठे?

दिवाळीची साफसफाई झाली, टीव्हीमागच्या वायरी काढून पुन्हा जोडल्या आणि सबवूफर गप्प झाला. दिवा मात्र लागलेला. हा दिवा फक्त वीज पोचल्याचं सांगतो, आवाज पोचल्याचं नाही. बऱ्याच सबवूफरमध्ये तो स्टँडबायला लाल असतो आणि सिग्नल आला की हिरवा किंवा निळा होतो. बास असलेलं गाणं लावूनही तो लालच राहिला, तर संशय आधी केबलवर घ्यावा.

मागचं ‘ऑटो’चं बटण ‘ऑन’वर करा आणि सबवूफरचा आवाज अगदी कमी ठेवा. केबलचं रिसीव्हरकडचं टोक काढून मधल्या पिनेला बोट लावा आणि आवाज हळूहळू वाढवा. घुंऽऽ असा जाड आवाज आला, तर केबल, आतला अँप्लिफायर आणि स्पीकर तिन्ही शाबूत आहेत. नाही आला तर दुसरी केबल लावून बघा. तिच्यानेही शांतताच असेल, तर काम मेकॅनिकचं. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर काही काळ चार्ज धरून ठेवतात, तेव्हा झाकण घरी उघडू नये.

घुंकार आला, म्हणजे गडबड रिसीव्हरकडे. केबल ‘सब आउट’मध्येच आहे ना, ते बघा, शेजारची भोकं दिसायला अगदी तशीच असतात. मग मेनूत सबवूफर ‘यस’ आहे का ते तपासा. तो ‘नो’ असेल, तर रिसीव्हर सगळा बास पुढच्या स्पीकरांनाच देतो.

बास येतो पण मिळमिळीत, अशी तक्रार असेल तर क्रॉसओव्हरचा नॉब बघावा. फडकं फिरवताना तो हमखास हलतो. समजा, रिसीव्हर ८० हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरला देतोय आणि नॉब ५०वर आहे. मग ५० ते ८० मधला भाग कुणीच नीट वाजवत नाही, आणि ढोलकीचा, बास गिटारचा बराचसा दम तर तिथेच असतो. रिसीव्हर वाटणी करत असेल, तर नॉब शेवटपर्यंत वर न्यावा किंवा ‘एलएफई’वर ठेवावा. एकाच आवाजाला दोन चाळण्या नकोत.

फेजचा स्विच सगळ्यात शेवटी. त्याने सबवूफर मुका होत नाही; पडदा हलत नसेल, तर त्याला हात लावण्यात अर्थ नाही. मात्र सबवूफर आणि पुढचे स्पीकर एकमेकांच्या उलट ढकलायला लागले, की ८० हर्ट्झच्या आसपास एकाचा आवाज दुसरा खातो. तुम्ही नेहमीच्या जागी बसा, बास गिटारचं गाणं लावा आणि घरातल्या कुणाला तरी ० आणि १८० असा स्विच बदलायला सांगा. बास जिथे भरीव वाटेल, तिथेच तो ठेवा. सबवूफरपाशी वाकून ऐकलं तर फरक कळत नाही, कारण तिथे त्याचाच आवाज वरचढ असतो.