चकली अख्खी पोहोचावी म्हणून

फराळ बाहेरगावी धाडणाऱ्या कोणत्याही घरगुती उद्योगाला विचारा, सर्वांत अवघड जिन्नस कोणता, तर उत्तर चकली हेच येते. चिवडा थोडा चुरला तरी चिवडाच राहतो आणि बेसनाचा लाडू दबला तरी खाणारा तक्रार करत नाही. चकलीचे तसे नाही. तिचे वेढे एकमेकांना नुसते टेकलेले असतात, मोहन नीट पडले असेल तर ती आणखी ठिसूळ होते, म्हणजे जितकी चांगली तितकी नाजूक. शिवाय तिच्या वजनाचा मोठा हिस्सा तेलाचा असतो. तुटणे आणि तेल या दोन्ही दुखण्यांना एकाच पुड्याने उत्तर द्यायचे, आणि तेही पुड्यामागे मोजक्या रुपयांत.

आधी तेलाचे पाहू, कारण त्याचा निकाल आतल्या पिशवीतच लागतो. साध्या पातळ पॉलिथिनच्या पिशवीतून तेल हळूहळू बाहेर झिरपते. काही दिवसांत पिशवी बाहेरून चिकट लागते, लेबल सुटते, खोक्याच्या पुठ्ठ्यावर डाग पडतात. त्याहून वाईट म्हणजे त्याच पिशवीतून हवेतला ऑक्सिजन सहज आत येतो आणि तेल खवट होते. म्हणून बाहेर पॉलिस्टर, मध्ये धातूचा मुलामा आणि आत सील होणारे पॉलिथिन असे लॅमिनेट घ्यावे. पॉलिस्टर तेल अडवते, मुलामा ऑक्सिजन आणि उजेड थोपवतो. अनेकांना पुड्याला पारदर्शक खिडकी हवी असते. दुकानात ती माल विकते हे खरे, पण तिथूनच उजेड शिरतो आणि उजेडाने तेल लवकर बिघडते. कुरिअरने थेट गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या पुड्याला खिडकीचा काही उपयोग नाही.

इतके चांगले लॅमिनेट घेऊनही माल मऊ पडतो तेव्हा दोष बहुधा सीलचा असतो. पिशवी भरताना चकलीचे काटे तोंडाला घासतात, तिथे तेलाचा पुसट थर आणि पिठाचे कण राहतात आणि त्यावरच गरम पट्टी दाबली जाते. सील वरून ठीक दिसते, पण कणाशेजारी केसाएवढी वाट उरते. ती शोधायला यंत्र लागत नाही. बादलीभर पाण्यात पुडा बुडवून हलके दाबावे, बुडबुडे कुठून येतात ते दिसते. भरताना तोंडात कागदाचे नरसाळे धरले तर तोंड कोरडे राहते आणि हा दोष बराच कमी होतो. दुसरी गोष्ट थंड होऊ देण्याची. कोमट चकली भरली की आत वाफ धरते, मग पिशवी कितीही भारी असो, चकली मऊ पडणारच. वर्तमानपत्राचा कागद चकलीला टेकवायचा नाही, खाद्यपदार्थ त्यात गुंडाळायला भारतात कायद्याने मनाई आहे. तेल टिपायला बटरपेपर पुरतो.

आता तुटणे. पहिला विचार येतो तो हवा काढून घट्ट पॅक करण्याचा आणि तोच चुकीचा. निर्वात पिशवीवर बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलोचा दाब देते, त्यात चकली टिकत नाही. उलट टोक म्हणजे वेफर्सच्या पाकिटासारखी नायट्रोजनने फुगवलेली पिशवी. नायट्रोजनने तेल टिकते आणि दाबही कमी लागतो, पण दोन अडचणी आहेत. विमानाच्या आतला दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीनचतुर्थांश इतकाच ठेवलेला असतो, त्यामुळे मुंबईत गच्च फुगवून सील केलेली पिशवी वर गेल्यावर तटतटते आणि कच्चे सील तिथे सुटते. दुसरी अडचण पैशाची. फुगलेली पिशवी जागा खाते आणि परदेशी कुरिअर जागेचे पैसे घेते.

हा हिशेब नीट मांडायला हवा, कारण खर्च वाढतो तो बहुतेकदा इथेच. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, बहुधा 5000 ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर तोच आकारतात. पाव किलोचे बारा पुडे धरू. फुगवलेला पुडा दीड लिटर जागा घेतो, तर बारांना खोक्यासकट 22 लिटर लागतील. 22000 भागिले 5000, म्हणजे 4.4 किलो. खरे वजन मात्र पुठ्ठ्यासह पावणेचार किलोच्या आसपास. सुमारे साडेसहाशे ग्रॅम हवेचे भाडे भरले गेले.

आता त्याच चकल्या एकावर एक रचू. सहा सेंटिमीटर व्यासाच्या दहा चकल्यांची चळत साधारण 130 ग्रॅम भरते आणि अकरा सेंटिमीटर उंच होते. ती बटरपेपरमध्ये घट्ट गुंडाळायची आणि अशा दोन चळती एका पिशवीत शेजारी ठेवायच्या. जागा लागते सुमारे 0.8 लिटर. बारा पुडे बारा लिटरच्या खोक्यात बसतात, आकारमानाने 2.4 किलो. आता भाडे खऱ्या वजनाचेच. आणि संरक्षणही वाढले, कारण चकली बहुतांशी तुटते ती मोकळ्या जागेत हलल्याने. चळतीत ती आपटायला जागाच उरत नाही, एकीचे काटे दुसरीच्या खाचेत बसतात. मला या सगळ्या धंद्यात हा बटरपेपरचा रोल सर्वांत मोलाचा वाटतो. त्याला लागते ती फक्त हाताची सवय आणि एकसारख्या आकाराची चकली, म्हणजे सोऱ्या फिरवणारा हात सरावाचा हवा.

किंमत पुड्यामागे न मोजता अख्ख्या पोहोचलेल्या पुड्यामागे मोजावी. समजा माल आणि भाडे मिळून 110 रुपये. साध्या पिशवीचे पॅकिंग 4 रुपये, पण शंभरात 8 पुडे तुटके पोहोचतात, तर 114 भागिले 0.92, म्हणजे जवळजवळ 124 रुपये. चळत आणि लॅमिनेट 9 रुपये, तुटतात 2, तर 121 रुपये. कडक बरणी 22 रुपयांची, तुटतो फक्त 1, तरी हिशेब 133 वर जातो, आणि गोल बरण्यांमध्ये वाया जाणारी जागा यात धरलेलीच नाही. आकडे प्रत्येकाचे वेगळे येतील, पण हा भागाकार केल्याशिवाय बरणीची वाट धरू नये.

खोक्याचे थोडक्यात. एवढ्या वजनाला तीन पदरी नालीदार पुठ्ठा पुरतो, मात्र नाल्या उभ्या हव्यात, कारण वरचा भार त्याच पेलतात आणि त्यातला बराच कोपऱ्यांवर येतो. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद फार घटते, म्हणून पावसाळ्यात आणि किनारपट्टीवर पाच पदरी घेणे योग्य. खोक्याचे माप पुड्यांवरून ठरवावे, बाजारातल्या तयार मापात पुडे कोंबू नयेत.

शेवटी ते आपटून पाहायचे. पार्सलच्या चाचणीची जगभर वापरली जाणारी एक साधी रीत आहे. दहा किलोपर्यंतचे खोके 76 सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकायचे, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही बाजूंवर एकेकदा. त्याआधी खोके बराच वेळ हादरवतात, टेम्पोच्या मागच्या भागात ठेवून फिरवले तर घरच्या घरी तो अंदाज येतो. रीतसर दाखला हवा असेल तर मुंबईत अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगची प्रयोगशाळा आहे, ही संस्था 1966 पासून हेच काम करते. पण उघडल्यावर चकलीच पुष्कळ सांगते. तळाशी बारीक पीठ साचले असेल तर ती वाटेत घासत राहिली, चळत सैल होती. चकल्या सरळ अर्ध्यात तुटल्या तर धक्का थेट पोहोचला, पुडा आणि खोक्याची भिंत यांच्यात पुठ्ठ्याची एक पट्टी हवी. फक्त खालच्या दोनतीन तुटल्या तर चळत उंच झाली, दहाच्या आठ कराव्यात. आणि खोक्याचा कोपरा चेपलेला, आतला माल मात्र अख्खा असेल, तर पुठ्ठा बदलायची काही गरज नाही.